आपलंच उत्तर आपणच तपासताना: विश्लेषण कुठे तुटलं ते शोधायचं कसं

उत्तर लिहून झालं की पेनाचं टोपण लावायच्या आधीच आपण मनात गुण देऊन मोकळे होतो. पंधरापैकी दहा. फारच कडक झालो तर साडेनऊ. कशाचे दहा, ते विचारू नका, पान भरलेलं दिसतं म्हणून दहा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका चालते. सहा-सात पोरं-पोरी राज्यसेवेची तयारी करतात. मी स्वतः दोनदा मुख्य परीक्षेला बसून परत आलेला माणूस, आता शाळेवर शिकवतो आणि संध्याकाळी तिथे बसतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025च्या परीक्षेपासून वर्णनात्मक झाली आणि आमची पंचाईत झाली. पर्यायी प्रश्नांचा पेपर घरी तपासता येतो, उत्तरतालिका समोर ठेवली की संपलं. लिहिलेलं उत्तर कोण तपासणार? पुण्याच्या टेस्ट सिरीजला पैसे लागतात, वही तपासून यायला दिवस लागतात, आणि आलेल्या वहीवर बहुतेक वेळा एकच शेरा असतो: 'विश्लेषण वाढवा'. कुठे वाढवायचं, ते कोणी सांगत नाही.

म्हणून आम्ही आपलीच वही गुणांच्या तक्त्यावर घासून तपासायला लागलो. त्या तक्त्याला शिकवणीवाले रुब्रिक म्हणतात. पद्धत साधी आहे, पण तिच्यात फसायच्या जागा बऱ्याच आहेत. इथे ती एकाच प्रश्नावर, एका खऱ्या उत्तरावर चालवून दाखवतो. प्रश्न पंधरा गुणांचा, शब्दमर्यादा 250. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात 10 गुणांचे दहा आणि 15 गुणांचे दहा असे प्रश्न असतात, वेळ तीन तास. दहा गुणांच्या प्रश्नाला सात मिनिटं आणि पंधराच्याला अकरा मिनिटं धरली की बरोबर 180 मिनिटं होतात. आम्ही सरावाला हाच साचा धरतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. मुख्य परीक्षेच्या वर्णनात्मक उत्तरांसाठी यूपीएससी गुणदानाचा तक्ता जाहीर करत नाही. खाली दिलेला तक्ता आमचा घरचा आहे. तुम्हाला परीक्षेत किती गुण पडतील याचं भाकीत तो करत नाही. उत्तर कुठे पातळ झालं, एवढंच तो दाखवतो.

तक्ता केव्हा करायचा

यात पहिली चूक होते ती वेळेची. उत्तर लिहून झाल्यावर तक्ता केला, तर आपण जे लिहिलंय तेच तक्त्यात उतरतं आणि मग पैकीच्या पैकी मिळतात. उत्तर लिहायच्या आधी सगळा तक्ता केला, तर मुद्दे आधीच हाती लागतात आणि परीक्षेत जसं सुचलं असतं तसं उत्तर निघत नाही. आम्ही मधला मार्ग काढला. पाच ओळी आणि त्यांचे गुण कायमचे ठरलेले, वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेले. प्रश्नाची मागणी 3, आशय 4, विश्लेषण 5, निष्कर्ष 2, मांडणी 1. बेरीज 15.

यातली 'मागणी' ही ओळ उत्तर लिहायच्या आधी भरायची, कारण परीक्षेतही पहिलं मिनिट प्रश्न वाचण्यातच जातं. 'आशय' या ओळीत काय काय यायला हवं होतं, ते दोन दिवसांनी पुस्तक उघडून लिहायचं, पण आपलं उत्तर पुन्हा वाचायच्या आधी. हा क्रम पाळा. उत्तर आधी वाचलं, की पुस्तकातही आपल्याला तेवढंच दिसतं.

दोन दिवस थांबणंही त्याचसाठी. लिहिल्या लिहिल्या तपासलं, तर डोक्यात असलेलं सगळं कागदावर आहे असंच वाटतं. डोळा गाळलेली वाक्यं आपोआप भरत जातो. दोन दिवस वावरात जाऊन या, तुरीला फवारा मारून या, मग वही उघडा. तोवर ते उत्तर थोडं परक्याचं झालेलं असतं.

विश्लेषणाचे पाच गुण शब्दांत बांधायचे

तक्त्यात नुसतं 'विश्लेषण: 5' लिहिलं तर ते मर्जीवर जातं. त्या दिवशी मन खूश असलं तर चार, घरी भांडण झालं असलं तर दोन. म्हणून प्रत्येक आकड्यासमोर तो कशासाठी, ते लिहून ठेवायचं. आमच्याकडे असं आहे:

0 ते 1: माहिती एकापुढे एक मांडली आहे. वाक्यांची अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही.
2 ते 3: कारणं दिली आहेत, पण कारणापासून परिणामापर्यंतची मधली पायरी गाळली आहे, किंवा पूर्ण साखळी एकाच ठिकाणी आहे.
4: निदान दोन ठिकाणी कारण, मधली पायरी आणि परिणाम अशी पूर्ण साखळी आहे.
5: शिवाय आपलाच मुद्दा कुठे लागू पडत नाही किंवा कोणाला लागू पडत नाही, हे एकदा तरी सांगितलं आहे.

पहिल्या पातळीतली अदलाबदलीची कसोटी मला सगळ्यात कामाची वाटते. परिच्छेदातलं तिसरं वाक्य उचलून पाचव्याच्या जागी ठेवा. काही फरक पडला नाही, तर ती यादी आहे. विश्लेषणात वाक्यं एकमेकांना धरून असतात, एक हललं की दुसरं लटकतं.

आता उत्तर

प्रश्न असा: 'कर्जमाफी हा कोरडवाहू शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावरचा उपाय ठरतो का? विदर्भाच्या संदर्भात चिकित्सक परीक्षण करा.'

मागणीची ओळ भरताना प्रश्नाचे तीन तुकडे पडतात. 'ठरतो का' म्हणजे निवाडा हवा, हो किंवा नाही किंवा अमुक अटीवर हो. 'कोरडवाहू' म्हणजे सगळी शेती नाही, पावसावरची शेती. उत्तरात हा शब्द काम करताना दिसला पाहिजे. 'चिकित्सक परीक्षण' म्हणजे दोन्ही बाजू मांडून त्यांचं वजन करायचं. प्रत्येकी एक गुण.

आमच्याकडच्या एका मुलीने लिहिलेल्या उत्तरातली मुख्य नऊ वाक्यं देतो. मधली जोडवाक्यं गाळली आहेत.

(1) भारत हा कृषिप्रधान देश असून शेतकरी हा देशाचा कणा आहे.
(2) विदर्भात कोरडवाहू शेती मोठ्या प्रमाणावर असून कर्जबाजारीपणामुळे अनेक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या आहेत.
(3) 2008 मध्ये केंद्र सरकारने कर्जमाफी जाहीर केली, तीत 2 हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना पूर्ण माफी मिळाली.
(4) 2017 मध्ये राज्याने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेतून दीड लाखापर्यंतचे कर्ज माफ केले.
(5) 2019 मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेतून दोन लाखांपर्यंतची थकबाकी माफ झाली.
(6) या योजनांमुळे शेतकऱ्यांना मोठा दिलासा मिळाला.
(7) मात्र कर्जमाफीचा लाभ सर्व गरजू शेतकऱ्यांपर्यंत पोचला नाही.
(8) तसेच कर्जमाफीमुळे परतफेडीची शिस्त बिघडते व बँकांवर ताण येतो.
(9) म्हणून सिंचन, हमीभाव व पीकविमा यांवर भर देऊन सर्वसमावेशक धोरण आखणे गरजेचे आहे.

वाचायला उत्तर गुळगुळीत आहे. सालं, योजनांची नावं, रकमा, सगळं बरोबर. तिने स्वतःला 10 दिले होते, आणि हे उत्तर पहिल्यांदा ऐकल्यावर मीही 9 म्हणालो असतो.

समासात खुणा

आता लाल पेन घ्यायचं आणि गुणांचा विचार बाजूला ठेवून प्रत्येक वाक्यासमोर समासात एकच खूण करायची. आमच्या खुणा पाच. 'मा' म्हणजे माहिती, जी पुस्तकातून पडताळता येते. 'दा' म्हणजे दावा, ज्याला आधार दिलेला नाही. 'का' म्हणजे कारण, पण मधल्या पायरीसकट. 'नि' म्हणजे निवाडा. आणि 'फु' म्हणजे फुकट: जे वाक्य तसंच्या तसं दुसऱ्या कोणत्याही उत्तरात चालेल ते.

एका वाक्याला दोन खुणा करायचा मोह होतो. करू नका. दोन खुणांची सोय ठेवली की प्रत्येक वाक्यात थोडंसं 'का' दिसायला लागतं.

या उत्तराला खुणा अशा पडल्या. पहिलं वाक्य फुकट, ते दूधधंद्यावरच्या उत्तरातही चाललं असतं. दोन ते पाच माहिती. दुसऱ्या वाक्यात 'मुळे' आलाय, म्हणून तिने आधी 'का' लिहिलं होतं. पण 'मुळे' हा प्रत्यय लावला म्हणजे कारण दिलं असं होत नाही. कर्ज का साचलं आणि ते फिटलं का नाही, ही पायरी त्या वाक्यात कुठेच नाही. सहा, सात, आठ हे दावे. नववं वाक्य फुकट, कारण सिंचन-हमीभाव-पीकविमा हे त्रिकूट शेतीवरच्या कोणत्याही उत्तराच्या शेवटी बसवता येतं. बेरीज: माहिती 4, दावे 3, फुकट 2. 'का' शून्य आणि 'नि' शून्य.

पाच गुणांचं विश्लेषण मागणाऱ्या प्रश्नाच्या उत्तरात एकही 'का' नाही, हे आकड्यात दिसल्यावर ती गप्प झाली. मग वाद सुरू झाला.

"पण दादा, लाभ सगळ्यायले नाही भेटला, हे तं मी लिवलंच हाये न."

"काहून नाही भेटला?"

"दोन हेक्टरची अट होती न. आमच्या बाबाची सात एकर कोरडवाहू, थे नाही बसले त्याच्यात."

"हे कुठं लिवलं? बोट ठेव."

"लिवलं नाही. पण तपासणारा समजून घेईन न."

स्वतःची वही तपासताना अडतं ते नेमकं इथेच. विश्लेषण तिच्या डोक्यात होतं, ते घरात घडलेलं होतं, आणि कागदावर फक्त त्याचं शीर्षक उतरलं. म्हणून आमचा एक कडक नियम आहे: ज्याच्याखाली बोट ठेवता येईल किंवा रेघ मारता येईल त्यालाच गुण. 'मला असं म्हणायचं होतं' याला शून्य.

गुण देणे

खुणा झाल्यावरच तक्त्याकडे यायचं, वरून खाली, एकेक ओळ.

मागणी: निवाडा आहे का? नववं वाक्य प्रश्नाला बगल देऊन दुसऱ्याच उपायांकडे जातं, कर्जमाफी उपाय ठरते की नाही ते सांगतच नाही. शून्य. कोरडवाहू? दुसऱ्या वाक्यात शब्द येऊन गेला, पुढे त्याचं काही झालं नाही. अर्धा. दोन्ही बाजू? सहाव्यात एक, सात-आठमध्ये दुसरी, पण वजन केलेलं नाही. अर्धा. एकूण 1.

आशय: योजना बरोबर आहेत. पण पुस्तकावरून केलेल्या यादीत आणखी दोन गोष्टी होत्या. या तिन्ही योजना संस्थात्मक कर्जापुरत्या होत्या, सावकाराचं कर्ज बाहेर राहिलं. आणि थकबाकीदार राहिलं की बँक नवं पीककर्ज देत नाही, त्यामुळे माफीचा खरा फायदा पुढच्या हंगामाच्या कर्जाशी जोडलेला असतो. या दोन्ही नाहीत. 4 पैकी अडीच.

विश्लेषण: पातळ्या वाचल्या. 3, 4, 5 या वाक्यांची अदलाबदल केली तरी चालतं. 1.

निष्कर्ष: आहे, पण प्रश्नाचा नाही. अर्धा. मांडणी: सुरुवात, मध्य, शेवट नीट, अक्षर सुटसुटीत. 1.

बेरीज 6. दहाचे सहा झाले. पण या सहापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे पंधरातले बाकीचे नऊ गुण कुठे गेले हे आता ओळीने दिसतं: दोन मागणीत, चार विश्लेषणात, दीड-दीड आशयात आणि निष्कर्षात. मांडणीत काहीच गेलं नाही. म्हणजे पुढचा आठवडा अक्षर सुधारण्यात आणि प्रस्तावना पाठ करण्यात घालवायचा नाही.

अर्धे गुण द्यावेत, पाव देऊ नयेत. पाव गुणांवर आलात की तुम्ही उत्तर सोडून स्वतःशी घासाघीस करायला लागलात असं समजा.

दाव्याचं 'का' करणे

सगळं उत्तर पुन्हा लिहू नका. त्यात वेळ जातो आणि बहुधा तेच उत्तर जरा मोठं होऊन येतं. ज्या वाक्यासमोर 'दा' आहे, तेवढी वाक्यं घ्यायची आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे: हे कसं घडतं? कोणाच्या बाबतीत घडतं? आणि कुठे घडत नाही?

सातवं वाक्य घेऊ. लाभ सर्वांपर्यंत पोचला नाही. कसं? 2008च्या योजनेत माफीची मोजपट्टी जमिनीचं क्षेत्र ही होती. 2 हेक्टर म्हणजे जवळपास 5 एकर. तेवढ्यापर्यंत पूर्ण माफी. त्याहून जास्त जमीन असेल तर 75 टक्के रक्कम भरल्यावर 25 टक्के सूट. कोणाच्या बाबतीत? ओलिताच्या चार एकरांत वर्षात दोन पिकं निघतात, कोरडवाहू सात एकरांत खरिपाची पऱ्हाटी आणि तूर, तीही पाऊस आला तर. तरी कागदावर चार एकरवाला लहान आणि सात एकरवाला मोठा. म्हणजे क्षेत्राने मोजलं की जमीन जास्त आणि उत्पन्न कमी असलेला कोरडवाहू शेतकरीच मोजपट्टीबाहेर पडतो. आता 'कोरडवाहू' हा शब्द उत्तरात काम करायला लागला.

तिसरा प्रश्न, कुठे घडत नाही? याचं उत्तर शोधायला पुस्तक पुन्हा उघडावं लागलं. 2008च्या योजनेतच दुष्काळप्रवण जिल्ह्यांच्या आणि पंतप्रधानांच्या विशेष मदत योजनेतल्या जिल्ह्यांच्या मोठ्या शेतकऱ्यांसाठी 25 टक्के किंवा 20 हजार रुपये, यांतली जी रक्कम जास्त असेल ती सूट अशी तरतूद होती. यवतमाळ त्या मदत योजनेतल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. म्हणजे अट आंधळी होती असं सरसकट म्हणता येत नाही. अडचण सरकारला दिसली होती, पण दुरुस्ती रकमेत केली, मोजपट्टीत केली नाही. पाचव्या पातळीला लागतो तो माल हाच. तिच्या सात एकरांच्या गोष्टीवरच थांबलो असतो तर तो सापडला नसता.

आठव्या वाक्याचं तसंच. 'परतफेडीची शिस्त बिघडते' हे वाक्य वर्तमानपत्रांत इतक्यांदा येतं की ते सत्य म्हणून खपून जातं. कसं बिघडते? ज्याने उसनवार करून, तूर पडत्या भावात विकून कर्ज भरलं त्याला काही मिळत नाही आणि शेजारच्याची थकबाकी माफ होते. पुढच्या वर्षी तोही थांबतो. याला आधार आहे का? 2017 आणि 2019च्या योजनांत नियमित फेडणाऱ्यांसाठी प्रोत्साहनपर रक्कम ठेवावी लागली, हाच आधार. आणि कुठे घडत नाही? ज्याचं पीकच गेलं, त्याच्याकडे भरायला काही नव्हतं, तिथे शिस्तीचा प्रश्नच येत नाही. हा धागा तिने अर्धाच पकडला, तिसरा प्रश्न सुटला.

सहावं वाक्य, 'दिलासा मिळाला', आम्ही तसंच सोडलं. अकरा मिनिटांत तीन दाव्यांना न्याय देता येत नाही. दोन पुरे.

पुन्हा लिहिलेला मधला भाग असा झाला:

'2008च्या कर्जमाफीत जमिनीचे क्षेत्र हा निकष होता. कोरडवाहू भागात उत्पन्न कमी असल्याने कुटुंबाला जास्त जमीन लागते. त्यामुळे सात एकरांचा कोरडवाहू शेतकरी 2 हेक्टरच्या मर्यादेबाहेर राहिला, तर त्याच्याहून जास्त उत्पन्न असलेला चार एकरांचा बागायतदार पूर्ण माफीस पात्र ठरला. काही जिल्ह्यांत किमान 20 हजारांची सूट देऊन ही विसंगती सौम्य केली गेली, परंतु निकष बदलला नाही. सावकारी कर्ज या तिन्ही योजनांच्या बाहेर राहिल्याने खाते निरंक झाले तरी कुटुंब कर्जमुक्त झाले नाही.'

आणि शेवट: 'कर्जमाफी थकबाकीदाराला पुन्हा पीककर्जाच्या दारात उभे करते, त्या मर्यादेत ती उपयुक्त आहे. पुढील पीक पावसावरच अवलंबून असल्याने तीच थकबाकी पुन्हा साचते. म्हणून कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ती उपाय नव्हे, उसंत ठरते.'

शब्दमर्यादा सांभाळायला पहिलं वाक्य गेलं, आणि तीन योजनांची तीन वाक्यं एका वाक्यात आली. फुकटचं आणि माहितीचं वाक्य कापून 'का'साठी जागा करायची, उत्तर वाढवायचं नाही. वाढवलेलं उत्तर घरी चांगलं दिसतं, पेपरात तेच शेवटचे दोन प्रश्न खातं.

नवे गुण: मागणी अडीच, आशय 3, विश्लेषण 3, निष्कर्ष दीड, मांडणी 1. बेरीज 11. विश्लेषणात 3च, कारण पूर्ण साखळी एकाच ठिकाणी आहे, दुसरी अर्धवट. तिला 4 हवे होते. पुठ्ठ्यावरच्या पातळ्या वाचून दाखवल्या, तिने मान्य केलं, नाराजीनेच.

कुठे फसतं

खुणांची सवय झाली की पोरं तक्त्याला फसवायला शिकतात, तेही नकळत. 'याचे मूळ कारण म्हणजे', 'परिणामी', 'दुसऱ्या बाजूने पाहता' असे शब्द वाक्यांच्या सुरुवातीला लागायला लागतात आणि समासात 'का' वाढतात. ओळखायची युक्ती: ते जोडशब्द बोटाने झाका आणि दोन्ही वाक्यं सुटी वाचा. पहिल्या वाक्यातलं काहीतरी दुसऱ्यात पुढे सरकलं असेल तर साखळी खरी. नाहीतर दोन डबे शेजारी उभे आहेत, मधली कडीच नाही.

दुसरी अडचण कडक पोरांची. काही जण स्वतःला पंधरापैकी तीन देतात आणि त्यालाच प्रामाणिकपणा समजतात. कमी गुणांनीही भेग दिसत नाही, सगळंच वाईट वाटतं. असं होत असेल तर वहीची अदलाबदल करा. त्याच तक्त्यावर दुसऱ्याने स्वतंत्रपणे गुण द्यायचे, आधी एकमेकांना न दाखवता. पंधरा गुणांच्या उत्तरात दोघांच्या बेरजेत दोनपेक्षा जास्त फरक आला, तर बेरजेवर भांडू नका, कोणत्या ओळीत फरक आला ते पाहा. आमच्याकडे तो बहुतेक वेळा विश्लेषणाच्या ओळीत येतो आणि बहुतेक वेळा एखाद्या 'मुळे'वरून येतो.

तिसरी मर्यादा मोठी आहे. स्वतः तपासताना चुकीची माहिती पकडली जात नाही. मोजपट्टी 2 हेक्टरऐवजी 5 हेक्टर आहे असं तुमच्या डोक्यात असेल, तर त्यावर उभी केलेली साखळी कितीही सुंदर असली तरी तक्ता तिला पूर्ण गुण देईल. म्हणून 'मा' खूण असलेलं प्रत्येक वाक्य पुस्तकातून पडताळायचं, आणि ज्या 'का'च्या पोटात आकडा आहे तेही. यात दहा-पंधरा मिनिटं जातात. तीच टाळायची इच्छा होते.

वहीच्या मागच्या पानावर

एका उत्तराच्या तपासणीतून कळतं ते त्या उत्तरापुरतं. आठ-दहा उत्तरं झाल्यावर खोड कळते. त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, प्रश्न, विश्लेषणाचे गुण आणि दोन शब्दांत उणीव लिहायची. शब्द ठरलेले ठेवले तर मोजता येतात: पायरी गाळली, एकच बाजू, निवाडा नाही, संदर्भशब्द सुटला. संदर्भशब्द म्हणजे आपल्या प्रश्नातला 'कोरडवाहू'सारखा शब्द, जो प्रश्नाला आवळतो.

त्या मुलीच्या पानावर नऊ उत्तरांत पाच वेळा 'संदर्भशब्द सुटला' आलं. मला वाटत होतं तिला कारणं लिहिता येत नाहीत. प्रत्यक्षात ती प्रश्न अर्धाच वाचत होती. 'कर्जमाफी' दिसलं की कर्जमाफीवरचं सगळं माहीत असलेलं ओतायचं, हा प्रकार. तिच्यासाठी सराव बदलला. आता ती पूर्ण उत्तर आठवड्यातून दोनच लिहिते, बाकीचे दिवस जुने प्रश्न घेऊन नुसती मागणीची ओळ भरते, पाच प्रश्नांच्या पाच ओळी, प्रश्नातला आवळणारा शब्द गोल करून. वीज गेली की मोबाइलच्या उजेडातही तेवढं होतं. तिच्या बाजूला बसणाऱ्या मुलाच्या पानावर मात्र सहा वेळा 'निवाडा नाही' आहे. त्याला मी सध्या उत्तरं शेवटाकडून लिहायला लावतोय: आधी शेवटची दोन वाक्यं, मग वरचं सगळं.